स्वस्ताईची धास्ती

२७ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, ल मार्स नावाच्या गावी, संतापलेल्या शेतकऱ्यांचा जमाव कोर्टात घुसला. न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली आपल्या खुर्चीवर होते. गहाण पडलेल्या शेतांच्या जप्तीच्या हुकमांवर यापुढे सही करणार नाही अशी शपथ घ्या, असं त्यांना बजावण्यात आलं. त्यांनी साफ नकार दिला. मग त्यांना ओढत बाहेर काढलं, गाडीत कोंबून गावाबाहेरच्या चौफुलीवर नेलं आणि गळ्यात दोर अडकवला. न्यायाधीश मरता मरता वाचले. गव्हर्नरांनी त्या भागात लष्करी कायदा पुकारला.

हे लोक दरोडेखोर नव्हते. मका पिकवणारे, डुकरं पाळणारे, रविवारी चर्चला जाणारे जमीनमालक होते. दुष्काळ पडला होता असंही नाही. आदल्या वर्षी मक्याचं पीक चांगलं आलं होतं. पण ते विकून मिळणारा पैसा इतका क्षुल्लक होता की काही घरांत कोळशाऐवजी मकाच शेगडीत घालत होते. कोळसा विकत घेण्यापेक्षा मका जाळणं स्वस्त पडत होतं. या शेतकऱ्यांचा घात पावसानं केला नव्हता, स्वस्ताईनं केला होता.

आपल्याकडे महागाईवर बोलणारे पैशाला पासरी मिळतात. स्वस्ताई वाईट असते असं कुणी म्हटलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. तरीही जगातल्या बहुतेक मध्यवर्ती बँका, म्हणजे आपली रिझर्व्ह बँक, अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह, जपानची बँक ऑफ जपान, महागाईचा दर शून्यावर आणायचा प्रयत्नही करत नाहीत. दोन टक्के, चार टक्के अशी थोडी महागाई त्या मुद्दाम राखतात. त्यामागे १९२९ ते १९३३ या चार वर्षांची आठवण आहे.

आधी एक गोष्ट वेगळी काढायला हवी. टोमॅटो स्वस्त झाला, मोबाइल स्वस्त झाला, याला चलनघट म्हणत नाहीत. एका वस्तूचा भाव पडला की गिऱ्हाइकाच्या खिशात चार पैसे उरतात आणि ते दुसऱ्या कशावर तरी खर्च होतात. चलनघटीत झाडून सगळ्यांचेच भाव पडतात: मका, पोलाद, घरभाडं, कापड, आणि शेवटी माणसाची मजुरीसुद्धा. अमेरिकेत १९२९ नंतर तेच झालं. १९३० मध्ये किरकोळ भाव दोनेक टक्क्यांनी उतरले, १९३१ मध्ये नऊ टक्क्यांनी, १९३२ मध्ये दहा टक्क्यांनी. चार वर्षांत सगळं मिळून सुमारे चौथाईनं स्वस्त झालं. शेतमालाची घसरण याहून फार मोठी होती. शेतकऱ्याला १९२९ मध्ये बुशेलभर मक्याचे सरासरी ८० सेंट मिळायचे, १९३२ मध्ये ३२ सेंट. बुशेल म्हणजे मक्याच्या बाबतीत साधारण पंचवीस किलो.

सगळंच जर स्वस्त झालं, तर शेतकऱ्याचं बिघडलं कुठे? मका स्वस्त झाला तशी चप्पल स्वस्त झाली, साखर स्वस्त झाली. पण एक गोष्ट स्वस्त झाली नाही, ती म्हणजे कर्ज.

समजा, आयोवातल्या एका शेतकऱ्याच्या जमिनीवर चार हजार डॉलरचं कर्ज आहे, व्याज सहा टक्के. वर्षाला २४० डॉलर नुसतं व्याजाचं. मका ८० सेंटला जात होता तेव्हा हे व्याज भागवायला ३०० बुशेल, म्हणजे सुमारे ७६ क्विंटल मका लागायचा. भाव ३२ सेंटवर आला तेव्हा तेच व्याज फेडायला ७५० बुशेल, म्हणजे १९० क्विंटल मका लागू लागला. मुद्दल पाच हजार बुशेलांचं साडेबारा हजार बुशेलांवर गेलं. कर्जाच्या कागदावरचा आकडा बदललेला नाही, व्याजाचा दर बदललेला नाही, शेतकऱ्यानं नवीन छदामही उचललेला नाही. तरी त्याचं कर्ज अडीचपट झालं. अर्थशास्त्रात याला वास्तव कर्ज म्हणतात: कर्ज रुपयांत किंवा डॉलरांत न मोजता, ते फेडायला किती माल विकावा लागेल किंवा किती तास राबावं लागेल, यावर मोजायचं.

आयोवातली ही कर्जं बहुतेक पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे काढलेली होती. तेव्हा धान्याचे भाव चढे होते आणि जमिनीचे त्याहून चढे. लोकांनी शेजारची शेतं चढ्या भावानं घेतली, बँकांनी हसत हसत पैसे दिले. पुढे जमिनीचा भाव कोसळत गेला. १९३३ पर्यंत अवस्था अशी झाली की शेत विकूनही कर्ज फिटेना. जप्तीचे लिलाव सुरू झाले. मग गावोगाव एक वेगळीच रीत पडली. लिलावाच्या दिवशी सगळे शेजारी गोळा व्हायचे, घोड्याला दहा सेंट, नांगराला पाच सेंट अशा बोली लावायचे, आणि विकत घेतलेलं सगळं मूळ मालकाला परत करायचे. बाहेरच्या कुणी खरी बोली लावू नये म्हणून कोठाराच्या दारावर फास टांगून ठेवलेला असायचा. ल मार्सच्या न्यायाधीशांच्या गळ्यात पडला तो दोर असल्याच वातावरणातून आला होता.

हे कोडं उलगडून सांगणारा माणूस स्वतःच त्यात पोळलेला होता. अर्व्हिंग फिशर हे येल विद्यापीठातले प्राध्यापक, त्या काळचे अमेरिकेतले बहुधा सर्वांत नावाजलेले अर्थशास्त्रज्ञ. कार्डांच्या फायली ठेवण्याची एक सोयीची पद्धत त्यांनी शोधली होती, तिच्यावर बक्कळ पैसा कमावला होता आणि तो शेअर बाजारात, उधारीवर आणखी शेअर घेऊन, लावला होता. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये बाजार गडगडण्याच्या थोडेच दिवस आधी त्यांनी जाहीर सांगितलं की शेअरचे भाव आता कायमच्या उंच पठारावर पोहोचले आहेत. या एका वाक्यावरून त्यांची आजही टिंगल होते. त्यांची सगळी माया गेली, राहतं घरही अखेर विद्यापीठाला विकत घ्यावं लागलं. माझ्या मते मात्र त्यांचं खरं मोल १९३३ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात आलेल्या लेखात आहे. कर्ज आणि चलनघट एकमेकांना कसं खायला घालतात, हे त्यांनी त्यात दाखवलं.

फिशर यांची साखळी अशी. लोकांच्या डोक्यावर कर्ज फार झालेलं आहे. काही कारणानं सावकार, बँका, दलाल घाबरतात आणि पैसे परत मागू लागतात. कर्जदार हाती असेल ते विकायला काढतो: शेअर, गोदामातला माल, जमीन. सगळे एकदम विकू लागले की भाव पडतात. शिवाय आणखी एक गोष्ट होते, ती सहसा नजरेला येत नाही. बँकेचं कर्ज फेडलं जातं तेव्हा तेवढ्या ठेवी खात्यांतून पुसल्या जातात. बँक कर्ज देते तेव्हा ती ग्राहकाच्या खात्यात रक्कम जमा दाखवते, म्हणजे बाजारात नवा पैसा येतो. कर्ज फिटलं आणि नवं कुणी घेतलं नाही, की तो पैसा नाहीसा होतो. पैसा कमी झाला की भाव आणखी पडतात. भाव पडले की उरलेल्या कर्जाचं ओझं वाढतं. ओझं वाढलं की आणखी विक्री. दलदलीत रुतलेला माणूस सुटायला धडपडतो आणि धडपडीनंच खोल जातो, तसा हा प्रकार.

फिशर यांनी याचा हिशेबही मांडला. १९२९ पासून मार्च १९३३ पर्यंत कर्जफेड, तडजोडी आणि दिवाळखोऱ्या मिळून कर्जाचा आकडा सुमारे वीस टक्क्यांनी घटला होता. पण त्याच काळात डॉलरची खरेदीशक्ती, त्यांच्या मोजणीप्रमाणे, सुमारे पंच्याहत्तर टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे शंभराचं कर्ज ऐंशीवर आलं, पण प्रत्येक डॉलर पावणेदोन डॉलरएवढा जड झाला. ऐंशीला पावणेदोननं गुणलं की येतात एकशे चाळीस. एवढं पोट मारून, घरंदारं विकून देशानं कर्ज फेडलं, आणि कर्ज चाळीस टक्क्यांनी वाढलं! एकट्यादुकट्याच्या बाबतीत कर्ज फेडणं शहाणपणाचंच असतं. सगळ्यांनी एकाच वेळी तोच शहाणपणा केला की हिशेब उलटतो, आणि तो उलटतोय हे आत असलेल्या कुणालाही दिसत नाही.

इथे कुणी विचारील की एकाचं कर्ज ते दुसऱ्याचं येणं. शेतकऱ्याचं ओझं वाढलं तर बँकेची तेवढी चांदी व्हायला हवी. मग देशाची बेरीज शून्यच नाही का? कागदावर शून्य. प्रत्यक्षात कर्जदार हा हातचा पैसा खर्च करणारा असतो आणि धनको साठवणारा. एकाच्या खिशातून गेलेला डॉलर दुसऱ्याच्या तिजोरीत जाऊन बसतो, बाजारात येत नाही. आणि ओझं एका हद्दीपलीकडे गेलं की कर्जदार हात वर करतो. मग बँकेच्या हाती उरते ती जमीन, जिचा भाव पडलेला आहे आणि जिला गिऱ्हाईक नाही. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत नऊ हजारांच्या आसपास बँका बुडाल्या. ठेवींना तेव्हा विमा नव्हता. ज्यांनी आयुष्यात कधी कर्ज काढलं नव्हतं, त्यांचीही पुंजी अशी गेली. जिथे बँक अजून उभी होती तिथेही लोकांनी पैसे काढून घरात ठेवले, त्यामुळे चलन आणखी आटलं. चार वर्षांत देशातला एकूण पैसा जवळजवळ एक तृतीयांशानं घटला.

आता पगाराकडे वळू. भाव पडत असताना पगार तेवढाच राहिला तर नोकरदाराची चैनच. त्याच पगारात जास्त सामान येतं. यालाच वास्तव वेतन वाढणं म्हणतात आणि ऐकायला ते गोड वाटतं. १९२९ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी हेन्री फोर्डसह बडे कारखानदार बोलावून घेतले आणि मजुरी कापू नका असं सांगितलं. मजुरी टिकली तर मागणी टिकेल, असा त्यांचा विचार होता. तो वेडगळ नव्हता. बड्या कंपन्यांनी बराच काळ शब्द पाळलाही. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये यू. एस. स्टीलनं दहा टक्के कपात केली, तेव्हा कुठे बांध फुटला.

पण कारखान्याच्या वहीत बघा काय होतं. समजा, एक वस्तू डॉलरला विकली जाते आणि तिच्यामागे ५० सेंट मजुरी आहे. भाव ७५ सेंटवर आला आणि मजुरी तशीच राहिली, तर विक्रीतला मजुरीचा वाटा निम्म्यावरून दोन तृतीयांशावर गेला. उरलेल्या २५ सेंटांत कच्चा माल, वीज, भाडं आणि व्याज बसवायचं, आणि व्याज तर हटत नाही. मालकाला दर कापता येत नसेल तर तो माणसं कापतो. ज्यांची नोकरी टिकली त्यांची खरोखरच बरी चालली. बाकीचे रांगेत उभे राहिले. १९३३ मध्ये अमेरिकेत दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. सरासरी वास्तव वेतन वाढलं हे वाक्य खरं आहे, पण त्या सरासरीत बेकार धरलेलेच नाहीत.

मग पगार झटपट कापले असते तर प्रश्न सुटला असता का? अनेक अर्थतज्ज्ञ त्या काळी हेच म्हणत होते. केन्स यांना ते पटलं नाही, आणि मला केन्सच बरोबर वाटतात. मजुरी कापली की त्या मजुराच्या घराचा हप्ता त्याला जड होतो, दुकानातली त्याची उधारी जड होते, आणि त्याची खरेदी घटली की मालाचे भाव आणखी उतरतात. पगार कापला नाही तर नोकऱ्या जातात, कापला तर हप्ते थकतात. अंगावर कर्ज असलेल्या समाजाला चलनघटीत सोपी वाट उरत नाही. माणसं पगारकपात का सहन करत नाहीत याचं साधं कारणही हेच आहे. महागाई पाच टक्के असताना दोन टक्के वाढ मिळाली तर कुरकुर होते. भाव स्थिर असताना पगार तीन टक्के कापला तर संप होतो. खिशाला बसणारा फटका जवळपास सारखाच, पण घरभाडं आणि हप्ता ठरलेल्या रकमेत द्यायचा असतो, म्हणून कापलेला पगार जास्त बोचतो.

चलनघटीविषयी पाठ्यपुस्तकात आणि वर्तमानपत्रात सगळ्यांत आधी सांगितलं जातं ते वेगळंच कारण: भाव पडणार हे कळलं की लोक खरेदी पुढे ढकलतात. मला हे कारण नेहमी निम्मंच पटत आलं आहे. पुढच्या वर्षी तांदूळ स्वस्त होणार म्हणून यंदा कुणी उपाशी राहत नाही. साबण, औषधं, मुलांचे बूट थांबत नाहीत. संगणक आणि टीव्ही वर्षानुवर्षं स्वस्त होत आले, तरी दुकानांतली गर्दी हटली नाही. पुढे ढकलली जाते ती मोठी, टिकाऊ आणि विशेषतः उधारीवर व्हायची खरेदी: घर, मोटार, आणि सगळ्यांत आधी कारखान्यातलं नवं यंत्र. आज दहा हजारांचं यंत्र घेऊन त्यातून निघणारा माल दोन वर्षांनी पाऊण किमतीत विकावा लागणार असेल, तर कुठला शहाणा कारखानदार ते घेईल? त्यापेक्षा पैसे तसेच ठेवले तर काही न करता त्यांची किंमत वाढते. अमेरिकेत १९२९ मध्ये ५३ लाखांच्या आसपास मोटारी तयार झाल्या होत्या, १९३२ मध्ये तेरा-चौदा लाख. खासगी गुंतवणूक तर जवळजवळ नव्वद टक्क्यांनी आटली. खाण्यापिण्यावरचा खर्च इतका कधीच पडला नाही.

जपानचा अनुभवही याच बाजूनं बोलतो. १९९० च्या सुमारास तिथे जमिनीचा आणि शेअरचा फुगा फुटला, कंपन्या वर्षानुवर्षं कर्जं फेडत बसल्या, आणि १९९८-९९ पासून बरीच वर्षं भाव किंचित उतरत राहिले. वर्षाला एखादा टक्का, बहुधा त्याहूनही कमी. अमेरिकेसारखा कडेलोट झाला नाही. बेकारी पंचवीस टक्क्यांवर गेली नाही, लोकांनी दुकानात जाणं सोडलं नाही. पण पगार १९९७ नंतर वाढायचेच थांबले, आणि भाव वाढवणं ही कंपन्यांना लाज वाटण्यासारखी गोष्ट झाली. ‘गारीगारी-कुन’ नावाची एक आइस-कांडी तिथे लहानथोर खातात. तिची किंमत २०१६ मध्ये ६० येनांवरून ७० येन केली, पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा. त्यासाठी कंपनीनं टीव्हीवर जाहिरात दिली. तिच्यात कंपनीची माणसं ओळीनं उभी राहून कमरेत वाकून गिऱ्हाइकांची माफी मागत होती.

जपानमध्ये कडेलोट झाला नाही, तर मध्यवर्ती बँका एवढ्या घाबरतात कशाला? कारण जपानच्या बँकेचं हत्यार या काळात बोथट झालं. मध्यवर्ती बँकेचं मुख्य हत्यार म्हणजे व्याजदर. मंदी आली की ती दर उतरवते, कर्ज स्वस्त होतं, लोक घरं बांधतात. पण कर्ज घेणाऱ्याला नुसता व्याजदर महत्त्वाचा नसतो, त्यातून महागाई वजा जाता उरतं ते महत्त्वाचं. महागाई पाच टक्के आणि व्याज सात टक्के असेल तर खरं व्याज दोनच टक्के. भाव दहा टक्क्यांनी पडत असताना व्याज चार टक्के असेल तर खरं व्याज होतं चौदा टक्के. बँकेनं दर अगदी शून्यावर आणला तरी कर्ज दहा टक्क्यांना पडतं, आणि शून्याच्या फारसं खाली जाता येत नाही, कारण मग लोक नोटाच काढून घरी ठेवतील. जपाननं १९९९ मध्ये दर शून्याला टेकवला. २०१६ मध्ये शून्याखाली एक दशांश टक्का नेऊन पाहिला, तो थेट मार्च २०२४ मध्ये वर काढला. महागाई फार झाली तर दर वाढवायला वर मोकळं आकाश आहे. भाव पडू लागले तर खाली मात्र फरशी आहे. बँका महागाईपेक्षा स्वस्ताईला जास्त बिचकतात ते यामुळे.

१९३१ च्या अमेरिकेत तर बँकेनं हत्यार उलटंच चालवलं. त्या सप्टेंबरमध्ये ब्रिटननं पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. आता डॉलरही सोडणार, या भीतीनं परदेशी लोक डॉलर देऊन सोनं नेऊ लागले. सोनं थोपवायला न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबरमध्ये एका आठवड्याच्या अंतरानं दोनदा दर वाढवला, दीड टक्क्यावरून साडेतीन टक्क्यांवर. भाव वर्षाला नऊ टक्के पडत असताना! रोग्याला ताप नाही, त्याचं अंग गार पडत चाललंय, आणि डॉक्टर बर्फ मागवतोय, असंच म्हणायला हवं. मिल्टन फ्रीडमन आणि ॲना श्वार्ट्झ यांनी पुढे या चुकांचा सविस्तर जमाखर्च मांडला. २००२ मध्ये फ्रीडमन यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या समारंभात फेडरल रिझर्व्हचे तेव्हाचे संचालक बेन बर्नान्के यांनी त्या दोघांपुढे भर सभेत कबूल केलं की चूक आमच्याच संस्थेची होती, आणि पुन्हा करणार नाही असा शब्द दिला. सहा वर्षांनी, २००८ च्या पडझडीत, तेच अध्यक्ष होते. बँकेनं तेव्हा दर शून्याजवळ नेले आणि अफाट पैसा ओतला.

अमेरिकेतली घसरण थांबली ती १९३३ च्या वसंतात. मार्चमध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट सत्तेवर आले, एप्रिलमध्ये त्यांनी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली, आणि भाव पुन्हा १९२९ च्या आधीच्या पातळीकडे नेणार असं उघड सांगितलं. जानेवारी १९३४ मध्ये औंसभर सोन्याचा सरकारी भाव २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला. भाव वळायला मात्र तितके महिने लागले नाहीत. मार्च ते जुलै १९३३ या चार महिन्यांत कारखान्यांचं उत्पादन निम्म्याहून जास्त वाढलं. एवढ्यात काही नवे कारखाने उभे राहिले नव्हते. उद्या भाव चढणार अशी लोकांची खात्री पटली, एवढंच झालं. बेकारी पूर्ण हटायला पुढे दुसरं महायुद्ध यावं लागलं, हेही खरं.

त्याच चार वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? रुपया ब्रिटिश सरकारनं एक शिलिंग सहा पेन्सला जखडून ठेवला होता. जगातले भाव पडले तसे इथलेही पडले. १९२९ ते १९३३ मध्ये कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरला, शेतमाल त्याहून जास्त. खानदेशातल्या किंवा वऱ्हाडातल्या कापूसवाल्याचा शेतसारा मात्र रुपयांत ठरलेला आणि सावकाराचं खतही रुपयांत. आयोवासारखाच हिशेब. इथे लोकांनी न्यायाधीशाला फासावर चढवायला नेलं नाही, बायकांच्या अंगावरचं सोनं सराफाकडे नेलं. १९३१ च्या सप्टेंबरनंतर सोन्याचा रुपयांतला भाव चढला आणि मुंबईच्या बंदरातून सोन्याची जहाजं लंडनकडे सुटू लागली. पुढच्या काही वर्षांत अडीचशे कोटी रुपयांहून अधिक सोनं देशाबाहेर गेलं. आपला देश तोवर नेहमी सोनं आयात करणारा. व्यापारशेषाचे आकडे सुधारले म्हणून सरकार खूश होतं. ते सोनं कुठल्या पेटीतून आलं हे त्या आकड्यांत दिसत नव्हतं.

ब्रिटिश हिंदुस्थानातलं शेतकऱ्यांचं कर्ज १९३० च्या सुमारास बँकिंग चौकशी समितीनं नऊशे कोटी रुपये धरलं होतं. १९३७ मध्ये, नुकत्याच स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेचा अंदाज अठराशे कोटींचा होता. थकलेलं व्याज मुद्दलात चढत गेलं. कर्ज समजुतीनं तोडायला मध्य प्रांतात १९३३ मध्ये कायदा झाला, मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये. म्हणजे भाव कोसळल्यावर दहा वर्षांनी.

एवढं झाल्यावर उलट बाजूही मांडायला हवी. प्रत्येक चलनघट विनाशाकडेच जाते असं नाही. अमेरिकेतच १८७० ते १८९६ या काळात भाव हळूहळू उतरत होते आणि उत्पादन मात्र झपाट्यानं वाढत होतं. रेल्वे, पोलाद, नवी यंत्रं, यामुळे माल करायलाच कमी खर्च येत होता. भाव उत्पादनखर्च घटल्यामुळे पडतायत की गिऱ्हाईक आटल्यामुळे, आणि पडताना लोकांच्या डोक्यावर कर्ज किती आहे, यावर सगळं अवलंबून असतं. त्या सुखाच्या चलनघटीतही कर्जबाजारी शेतकरी सुखी नव्हताच. १८९६ च्या निवडणुकीत विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांची सभा त्याच्याच संतापावर गाजली.

रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून चार टक्क्यांचं लक्ष्य आहे, वर सहा आणि खाली दोन अशी हद्द. खालचं कुंपण कशाला, असं अनेकांना वाटतं. ते याचसाठी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतातला किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला. तरी ती चलनघट नव्हती. भाजीपाला आणि डाळी आदल्या वर्षीपेक्षा बऱ्याच स्वस्त झाल्या होत्या, त्यांनी सरासरी खाली ओढली. अन्न आणि इंधन वगळून उरलेल्या वस्तूंची महागाई चार टक्क्यांच्या वरच होती. म्हणून अशी बातमी वाचली की वरच्या मोठ्या आकड्यावर थांबू नका. खाली अन्न-इंधन वगळलेला आकडा दिलेला असतो, तो पाहा. पगारवाढी थांबल्यात का आणि बँकांची कर्जं थकतायत का, हेही पाहा. तिन्ही गोष्टी एकदम खाली वळल्या, तरच घाबरायचं कारण आहे.

कांदा उत्पादकाला मात्र एवढी वाट पाहता येत नाही. देशात चलनघट नसली तरी त्याच्या एका पिकाचा भाव निम्म्यावर आला आणि सोसायटीचा हप्ता तोच राहिला, की त्याचं वास्तव कर्ज त्या हंगामापुरतं दुप्पट झालेलं असतं. ते मोजायला कुठलाही निर्देशांक नाही.